हिजरी तारखेतले अकरा दिवस

सौदी अरेबियात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या कागदपत्रांत अनेकदा तिथल्या आरोग्य केंद्राचं एक अरबी कार्ड सापडतं. मुलाला लहानपणी कोणत्या लसी कधी दिल्या, त्याची ही नोंद. मूल भारतात परत येतं, शाळा-कॉलेज करतं, तोवर त्या कार्डाची कुणाला आठवणही होत नाही. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळतो, विद्यापीठ लसीकरणाचा इंग्रजी पुरावा मागतं आणि कार्ड भाषांतराला जातं. हे काम तासाभराचं वाटतं, पण त्यातला एखादा आकडा किंवा शब्द चुकला, तर घेतलेली लस न घेतलेली ठरते किंवा न घेतलेली लस घेतल्यासारखी दिसते. दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

सुरुवात आकड्यांपासून करायला हवी. कार्डावरचे आकडे पूर्वेकडच्या अरबी वळणाचे असतात आणि मराठी डोळ्याला ते हटकून फसवतात. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, तर अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे ‘पंधरा’ ही तारीख आपल्याला ‘दहा’ दिसते. सहाचा आकडा इंग्रजी सातासारखा दिसतो. हातानं घाईत लिहिलेला तीन बरेचदा छापील दोनसारखा भासतो. अशा वेळी त्याच हस्ताक्षरातला दुसरा, निश्चित ठाऊक असलेला आकडा शोधावा. कार्डावर जन्मतारीख असतेच आणि ती पासपोर्टशी ताडून पाहता येते. तिथून त्या परिचारिकेचे दोन आणि तीन ओळखू येऊ लागतात.

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, तसा तक्ताही. पहिला रकाना सगळ्यात उजवीकडे असतो. तारखेत दिवस उजवीकडे, मग महिना आणि वर्ष डावीकडे; मात्र एकेका संख्येच्या आतले आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. तक्ता इंग्रजीत आणताना रकान्यांचा क्रम उलटवावा लागतो. तो अर्धवट उलटला, तर एका लसीची तारीख दुसऱ्या लसीपुढे जाऊन बसते. शिवाय कार्डावर अनेकदा तारखांचे दोन रकाने असतात. ‘मौइद’ म्हणजे लस कधी द्यायची ठरली ती तारीख, आणि ‘तारीख अत्-तत्ईम’ म्हणजे प्रत्यक्ष टोचली ती. पुरावा फक्त दुसरीचा. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा कोरा असेल, तर ती लस दिल्याची नोंद नाही, असंच भाषांतरात दिसलं पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक भाग. जुन्या सौदी कार्डांवर तारखा हिजरी असू शकतात. हिजरी वर्ष चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून चांद्र वर्षाचा सूर्याशी मेळ घातला जातो. हिजरीत तसं काही नाही. त्याचा परिणाम एका उदाहरणावरून पाहू.

समजा, मुलीचा जन्म १ रमजान १४२५ चा आहे. सौदी गणनेनुसार ही तारीख १५ ऑक्टोबर २००४ होते. कार्डावर गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, म्हणजे एमएमआर, १ रमजान १४२६ ला दिल्याची नोंद आहे. कार्ड वाचणाऱ्याला वाटेल, मुलगी बरोबर वर्षाची झाली त्या दिवशी लस दिली. पण १ रमजान १४२६ म्हणजे ४ ऑक्टोबर २००५. इंग्रजी वाढदिवसाला अजून अकरा दिवस होते.

अमेरिकेत एमएमआरचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेला असेल तरच धरतात, आणि दुसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी. आधी दिलेल्या डोससाठी चार दिवसांची सवलत असते, अकरा दिवसांची नाही. या नियमामागे कारण आहे: आईकडून आलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि ती या जिवंत लसीचा प्रभाव कमी करू शकतात. तेव्हा हा डोस बाद. मुलीला सहाव्या वर्षी आणखी एक डोस मिळाला असेल, तर तो पहिला धरला जाईल आणि एक नवा घ्यावा लागेल. अनेक विद्यापीठं त्याऐवजी रक्तातल्या प्रतिद्रव्यांची तपासणीही मान्य करतात. हे निघण्याआधी कळलं, तर पुण्या-मुंबईत सहज उरकतं.

भाषांतरकारानं इथे काय करावं? मूळ हिजरी तारीख जशीच्या तशी लिहावी, शेजारी इंग्रजी तारीख द्यावी आणि रूपांतर सौदीच्या उम्म अल्-कुरा पंचांगानुसार केल्याचं तळटीपेत नमूद करावं. वेगवेगळ्या हिजरी गणनांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो. महिना अक्षरांत लिहावा, कारण ५/८ ही तारीख अमेरिकेत ८ मे अशी वाचली जाते. आणि डोस बाद होताना दिसला तरी तारखेला हात लावू नये. तो ग्राह्य की अग्राह्य, हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

लसींच्या नावांत मोठा सापळा ‘सुलासी’ या शब्दाचा. त्याचा अर्थ फक्त तिहेरी. ‘सुलासी फैरूसी’, म्हणजे विषाणूंविरुद्धची तिहेरी, ही एमएमआर. ‘सुलासी बक्तीरी’ ही घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस. नुसतं ‘सुलासी’ लिहिलं असेल तर भाषांतरातही नुसतं ‘तिहेरी’च लिहावं. दोन, चार, सहा महिन्यांच्या ओळीत ती असेल तर बहुधा डांग्या खोकल्याची, हा अंदाज टीपेत द्यायला हरकत नाही. तक्त्यात घुसवू नये. तसंच ‘हसबा’ म्हणजे गोवर आणि ‘हसबा अल्मानिया’ म्हणजे रुबेला. पुढचं विशेषण गळलं की रुबेलाच्या लसीची गोवराची लस होते.

बॅच क्रमांक, अरबीत ‘रक्म अत्-तशगीला’, बहुधा रोमन अक्षरं आणि आकडे मिसळून लिहिलेला असतो. त्याचं भाषांतर नसतं, फक्त नक्कल असते. संगणकावर अरबी मजकुरात टंकताना त्याचे तुकडे जागा बदलतात, म्हणून शेवटी छापील प्रतीवर एकेक अक्षर मूळ कार्डाशी जुळवावं. ओ हे अक्षर की शून्य, हे ठरत नसेल तर ‘अस्पष्ट’ लिहावं. काही कार्डांवर कुपीचं लेबलच चिकटवलेलं असतं. ते सापडलं तर बॅचबरोबर कंपनीनं दिलेलं लसीचं नावही मिळतं आणि ‘सुलासी’चा प्रश्न सुटतो. लेबलावरची मुदत संपण्याची तारीख मात्र टोचल्याची तारीख म्हणून उतरवली जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावं.

पीतज्वराच्या लसीला हे सगळं लागू नाही. तिचा आंतरराष्ट्रीय दाखला जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरावीक नमुन्यात, इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच भरलेला लागतो. त्यात लस बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच क्रमांक यांचा रकाना असतो आणि अधिकृत केंद्राचा शिक्का लागतो. सुदानहून पुण्याला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ फक्त अरबी चिठ्ठी असेल, तर तिचं उत्तम भाषांतरही विमानतळावर चालणार नाही. त्यानं निघण्याआधी अधिकृत केंद्रातून तो दाखलाच घ्यायला हवा. पहिल्यांदा लस घेतली असेल तर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, हेही तिकीट काढताना धरावं.

बाकी कार्डांचं भाषांतर संपूर्ण हवं: गोल शिक्का, सही, समासातली नोंद, खोडलेली ओळ, सगळं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भाषांतरासोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन लागतं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपण या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास सक्षम आहोत. विद्यापीठांचे नियम वेगवेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवावं, कार्डावर ते वेगळं उच्चारलं जात असेल तर तशी टीप द्यावी, आणि मूळ कार्डाची दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत भाषांतराला जोडावी.