आधी शेकाचं विचारा

मे 2013 मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोलीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. तिच्या बीआरसीए-1 या जनुकात दोष होता आणि स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा होता. म्हणून तिने रोग होण्याआधीच दोन्ही स्तन काढून घेतले. त्या शस्त्रक्रियेत आत तात्पुरत्या पिशव्या बसवल्या आणि नऊ आठवड्यांनी त्यांच्या जागी इम्प्लांट घातले. साधारण तीन महिन्यांत सगळं आटोपलं.

हा लेख जगभर वाचला गेला आणि स्तन काढल्यानंतर तो पुन्हा घडवता येतो हे असंख्य बायकांना पहिल्यांदाच कळलं. पण त्या तीन महिन्यांमागे एक मोठं कारण होतं. जोलीला कर्करोग झालेला नव्हता, त्यामुळे तिला रेडिओथेरपी, म्हणजे आपल्याकडे बोलतात तो ‘शेक’, घ्यावा लागला नाही. गाठ झालेल्या, रोग काखेपर्यंत पोचलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो. ‘इम्प्लांट बरा की पोटाचं मांस बरं?’ हा तिचा पहिला प्रश्न नव्हेच. ‘मला शेक लागणार का?’ हा तिचा पहिला प्रश्न.

शेकाने नेमकं काय होतं ते पाहू. किरणं उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशी मारतात, पण वाटेतल्या निरोगी कातडीलाही त्यांचा मार बसतो. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो आणि मऊ ऊतींच्या जागी चिवट तंतू साठत जातात. कातडी ताणली जात नाही, जखम सावकाश भरते. वरची लाली काही आठवड्यांत जाते, पण आतलं हे घट्ट होणं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालूच राहतं.

आता इम्प्लांटचा विचार करा. सिलिकॉनची पिशवी शरीराला परकी असते. कोणत्याही परक्या वस्तूभोवती शरीर पातळ पापुद्रा विणतं, तसा तो इम्प्लांटभोवतीही विणला जातो. एरवी तो मऊ राहतो आणि जाणवतही नाही. शेक बसला की हाच पापुद्रा जाड होऊन आवळत जाण्याचा धोका बराच वाढतो. स्तन हाताला कडक लागतो, वर सरकल्यासारखा दिसतो, पुढे दुखूही लागतो. वरची कातडी पातळ झाली असेल तर जखम उकलून इम्प्लांट उघडा पडू शकतो. लाली, ताप किंवा टाक्यांतून पाणी आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं असतं.

स्वतःच्या ऊतींची गोष्ट निराळी. सर्वांत जास्त वापरली जाते ती बेंबीखालची कातडी आणि चरबी. स्नायू जागेवर ठेवून, त्यातून वर येणारी रक्तवाहिनी अलगद सोडवून घेतात. या शस्त्रक्रियेला ‘डीप फ्लॅप’ म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडायच्या. सहा ते आठ तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. पहिली रात्र सर्वांत नाजूक असते. नर्स तासातासाला फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहते. तो फिकट आणि गार पडला तर रक्त आत येत नाही, जांभळट होऊन टम्म फुगला तर बाहेर जात नाही. दोन्ही वेळा रुग्णाला ताबडतोब पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागतं. पण एकदा हा फ्लॅप रुजला की शेक बसलेल्या छातीत तो स्वतःचा ताजा रक्तपुरवठा घेऊन आलेला असतो. इम्प्लांटजवळ हेच नसतं.

अमेरिका आणि कॅनडातल्या 11 रुग्णालयांनी दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा दोन वर्षं मागोवा घेतला. 2018 मध्ये आलेल्या त्या अहवालात शेक घेतलेल्या स्त्रियांपैकी इम्प्लांटवाल्या 18.7 टक्के जणींची पुनर्रचना फसली. स्वतःच्या ऊती वापरलेल्यांत हे प्रमाण फक्त 1 टक्का होतं. शेक न घेतलेल्यांत मात्र फरक अगदी थोडा दिसला, 3.7 आणि 2.4 टक्के. म्हणजे इम्प्लांट वाईट नाही. शेक नसेल तर तो लहान शस्त्रक्रियेत होणारा, लवकर घरी पाठवणारा चांगला पर्याय आहे. फक्त तो जन्मभर टिकेल असं धरून चालू नये.

एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. बाई 46 वर्षांची, स्तनात दोन ठिकाणी गाठी, काखेतल्या गाठीची सुईने तपासणी केली तर तिथेही रोग सापडला. आधी चार-पाच महिने केमो, मग शस्त्रक्रिया. शेक लागणार हे इथे जवळजवळ ठरलेलंच. अशा वेळी पोटाची ऊत लगेच लावली तर शेक त्या नव्या स्तनावरच बसतो. काही ठिकाणी तसं करतात आणि निकालही चांगले मिळतात, पण फ्लॅप आकसण्याची आणि आतली चरबी कडक होण्याची भीती असते. बिघडलं तर पोटाकडे दुसऱ्यांदा जाता येत नाही, तो साठा एकदाच वापरता येतो.

म्हणून या बाईसाठी सावध वाट अशी. स्तन काढताना कातडी शक्य तितकी राखायची आणि आत एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी ठेवायची. दवाखान्यात दर आठवड्याला सुईने तिच्यात थोडं थोडं सलाईन भरायचं म्हणजे जागा टिकून राहते. जखम भरली की शेक सुरू, बहुधा तीन आठवड्यांत 15 वेळा. त्यानंतर सहा महिने ते वर्षभर थांबून कातडी निवू द्यायची आणि मग एक्स्पांडर काढून पोटाची ऊत लावायची. ही पिशवीसुद्धा शेकात बिघडू शकते, हे तिला आधीच सांगायला हवं. पिशवी नको असेल तर छाती सपाट शिवून सगळंच पुढे ढकलता येतं.

क्रम उलटाही करता येतो. ब्रिटनमध्ये 33 स्त्रियांना आधी शेक दिला आणि दोन ते सहा आठवड्यांत एकाच वेळी स्तन काढून पोटाची ऊत लावली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत महिन्याभराने चौघींची जखम एक सेंटिमीटरहून जास्त उघडी होती, बाकीच्यांचं नीट झालं. रीत आशादायक आहे, पण 33 हा आकडा लहान आहे आणि ती सगळीकडे मिळत नाही.

पोटावर पुरेशी चरबी नसेल तर पाठीचा किंवा मांडीचा भाग वापरतात. सिझेरियनचा आडवा व्रण बहुतेकदा आड येत नाही. आड येते ती तंबाखू. सिगारेटइतकीच मिश्रीही, कारण निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी. आणि कोणत्याही पद्धतीने घडवलेल्या स्तनात पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही, हेही आधीच स्पष्ट बोललेलं बरं.

कॅन्सर सर्जन, शेक देणारे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन हे तिघे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी एकत्र बोलले पाहिजेत. तसं होत नसेल तर रुग्णाने किंवा घरच्यांनी ते मागावं. पुनर्रचनेसाठी केमो किंवा शेक लांबवू नये. पुनर्रचनेला मात्र मुदत नसते, स्तन काढल्यानंतर दहा वर्षांनीही ती करता येते.