पस्तीस व्होल्टची सीटी, एकशे बत्तीस व्होल्टचा फॉल्ट

एका फीडरच्या तारेवर झाडाची फांदी पडते आणि अंधार मात्र सगळ्या गावात होतो. हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना नवं नाही. खरं तर ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक फीडरला स्वतःचा ब्रेकर असतो आणि त्याला सुटण्याचा हुकूम देणारा स्वतःचा रिले असतो. बिघाड ज्या फीडरवर, तेवढाच फीडर बंद पडायला हवा. तसं न होता त्याच्या मागचा इनकमर ब्रेकर पडला, तर बाकीचे निर्दोष फीडरही त्याच्याबरोबर जातात. ब्रेकर अडकला असेल, बॅटरी उतरली असेल, रिलेचं सेटिंग चुकलं असेल; कारणं पुष्कळ असतात. पण हे सगळं तपासून ठीक निघालं, आणि फॉल्ट उपकेंद्राच्या अगदी तोंडाशी झालेला असेल, तर संशय सीटीवर घ्यावा.

सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. फीडरमधून २०० अँपिअर वाहत असतील तर २००/५ ची सीटी रिलेला ५ अँपिअर देते. रिलेला तारेतलं काहीच थेट दिसत नाही. सीटी जे सांगेल तेच त्याच्यासाठी खरं. आता हा छोटा प्रवाह सीटीच्या वाइंडिंगमधून, मग कंट्रोल रूमपर्यंत गेलेल्या केबलमधून आणि शेवटी रिलेतून ढकलायचा तर व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज सीटीच्या लोखंडी कोअरमधल्या चुंबकीय प्रवाहातून येतं, आणि लोखंडाला मर्यादा आहे. एका टप्प्यापर्यंत अगदी थोड्या चुंबकन प्रवाहात काम भागतं. त्यापुढे लोखंड संपृक्त होतं, म्हणजे सॅच्युरेट होतं. मग रिलेकडे जायला हवा तो प्रवाह कोअर चुंबकित करण्यातच खर्ची पडतो.

हा टप्पा कुठे येतो, हे ठरवण्याची एक मान्य रीत आहे. सीटीच्या दुय्यम बाजूला व्होल्टेज देत हळूहळू वाढवायचं. ज्या बिंदूवर व्होल्टेज आणखी १० टक्के वाढवताच चुंबकन प्रवाह ५० टक्क्यांनी वाढतो, तो नी पॉईंट. आणि सीटीला ज्याच्यातून प्रवाह ढकलावा लागतो त्या केबल आणि रिलेच्या ओझ्याला बर्डन म्हणतात. प्रश्न एवढाच असतो, की सर्वांत मोठ्या फॉल्टच्या वेळी लागणारं व्होल्टेज नी पॉईंटच्या खाली राहील का?

एक उदाहरण पुरतं सोडवून पाहू. उपकेंद्रात १० एमव्हीए चा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याचा इम्पीडन्स ८.३५ टक्के आहे. त्याचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भार ५२५ अँपिअर. मागची ३३ केव्ही यंत्रणा भक्कम धरली तर फीडरच्या तोंडाशी तीन फेजचा फॉल्ट ५२५ भागिले ०.०८३५, म्हणजे जवळपास ६,३०० अँपिअरचा. फीडरची सीटी २००/५ ची, नेमप्लेटवर ‘१५ व्हीए, ५पी१०’. याचा अर्थ असा: १५ व्हीए बर्डन जोडलेलं असताना नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दहापटीपर्यंत ही सीटी ५ टक्क्यांच्या चुकीत राहील.

या नेमप्लेटवरून तिची ताकद काढता येते. ५ अँपिअरला १५ व्हीए म्हणजे ०.६ ओहम. सीटीच्या स्वतःच्या वाइंडिंगचा रोध ०.१ ओहम धरू. दहापट प्रवाह म्हणजे ५० अँपिअर. तर ५० गुणिले ०.७, म्हणजे ३५ व्होल्ट. नी पॉईंट याच्याही किंचित खालीच असतो, पण हिशेबाला ३५ व्होल्ट ही मर्यादा घेऊ.

आता गरज किती ते पाहू. सीटी यार्डात आणि रिले कंट्रोल रूममध्ये, मधलं अंतर ४० मीटर. केबल नेहमीची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. तापलेल्या अवस्थेत तिचा रोध किलोमीटरला सुमारे ९ ओहम. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून ८० मीटर धरायचे, रोध ०.७२ ओहम. वाइंडिंगचा ०.१ आणि संख्यात्मक रिलेचा नगण्य ०.०२ मिळवला की एकूण ०.८४ ओहम. ६,३०० अँपिअरच्या फॉल्टला दुय्यम बाजूला १५७ अँपिअर यायला हवेत. १५७ गुणिले ०.८४, म्हणजे १३२ व्होल्ट. सीटीजवळ आहेत ३५. उलट गणित केलं तर कळतं, की ही सीटी नेमून दिलेल्या प्रवाहाच्या जेमतेम आठपटीला, सुमारे १,६७० अँपिअरलाच संपते.

यात रिलेचा वाटा बघा. जुन्या विद्युत-चुंबकीय रिलेच्या जमान्यात त्याचं बर्डनही मोठं असे. आज तो नाममात्र आहे, आणि तरीही घोळ झालाच, कारण ओझं केबलचं आहे. ५ अँपिअरचा वर्ग २५, गुणिले ०.७२, म्हणजे १८ व्हीए. नेमप्लेटवरचे १५ व्हीए एकटी केबलच ओलांडून जाते. निविदेत सवयीने ‘१५ व्हीए’ लिहून मोकळे होणारे लोक हा गुणाकार करत नाहीत, हे माझं मत. आणि तो करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

अशा सीटीकडून रिलेला काय दिसतं? सॅच्युरेट झालेल्या सीटीचा प्रवाह सरळ खाली येत नाही, तो कापला जातो. प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला लाट नीट वर चढते, मग कोअर भरतो आणि प्रवाह एकदम शून्याजवळ कोसळतो. आपल्या उदाहरणात कापून उरलेल्या लाटेतला ५० हर्ट्झचा भाग काढला तर तो मूळच्या साधारण एक तृतीयांश भरतो. ६,३०० अँपिअरचा फॉल्ट रिलेला २,००० च्या आसपास दिसतो.

समजा, फीडरवर तात्काळ सुटण्याचं सेटिंग ३,००० अँपिअरला आहे. ते उचललंच जात नाही. मग मदार राहते प्रवाहाप्रमाणे वेळ ठरवणाऱ्या वक्रावर. २०० अँपिअरला उचल, वेळेचा गुणक ०.१ आणि नेहमीचा ‘स्टँडर्ड इनव्हर्स’ वक्र धरला, तर दहापट दिसणाऱ्या प्रवाहाला रिले ०.३० सेकंद घेतो. इनकमरवर मोठ्या फॉल्टसाठी ठरावीक ०.२५ सेकंदांचं सेटिंग असेल, तर तो आधी पडतो. ६००/५ च्या इनकमर सीटीला हाच फॉल्ट साडेदहापटच असतो, त्यामुळे तिला फॉल्ट नीट दिसलेला असतो. दोन्ही रिलेंनी आपापल्या सेटिंगप्रमाणे चोख काम केलं, आणि गाव अंधारात गेलं. फीडरची सीटी शाबूत असती तर रिले आणि ब्रेकर मिळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास काम संपलं असतं.

उपाय म्हणून आधी केबल जाड करायचं सुचतं. ६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर तिचा रोध ०.३ ओहमवर येतो आणि गरज ६६ व्होल्टवर. तरीही ३५ पुरत नाहीत. आता त्याच मापाच्या लोखंडावर १ अँपिअरची सीटी गुंडाळून पाहू. २००/५ ला ४० वेढे होते, २००/१ ला २०० होतील. वेढे पाचपट झाले की तोच कोअर पाचपट व्होल्टेज देतो: १७५ व्होल्ट. वाइंडिंगची तार तेवढ्याच जागेत पाचपट लांब आणि पाचव्या हिश्शाइतकी बारीक होते, म्हणून तिचा रोध २५ पट, म्हणजे २.५ ओहम. केबल मात्र तीच, ०.७२ ओहम. फॉल्टला दुय्यम प्रवाह ३१.५ अँपिअर. रिलेसकट एकूण रोध साधारण ३.२७ ओहम, आणि गरज १०३ व्होल्ट. जवळ १७५ आहेत. लोखंड न वाढवता, केबल न बदलता सीटी वाचली. लांब केबलच्या ठिकाणी १ अँपिअरचा आग्रह धरतात तो याचसाठी.

पण १०३ व्होल्टचा हा आकडा स्थिर, दोन्ही बाजूंना सारख्या झुलणाऱ्या फॉल्ट प्रवाहाचा आहे. फॉल्ट नेमका व्होल्टेज शून्य असताना सुरू झाला, तर प्रवाहाची लाट सुरुवातीला एका बाजूला सरकलेली असते. तो सरकलेला भाग कोअरमधला चुंबकीय प्रवाह एकाच दिशेने भरत जातो. यंत्रणेत रिॲक्टन्स हा रोधाच्या दहापट असेल तर गरज जास्तीत जास्त ११ पट होऊ शकते. म्हणजे ११०० व्होल्टच्या वर. एवढा कोअर फीडरच्या पॅनलमध्ये मावणारच नाही. फीडरच्या ओव्हरकरंट संरक्षणात म्हणून तो धरत नाहीत. हा सरकलेला भाग ३२ मिलिसेकंदांच्या वेळ-स्थिरांकाने ओसरतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जवळजवळ जातो. रिलेला काही लाटांचा उशीर होतो, फॉल्ट मात्र दिसतो.

ट्रान्सफॉर्मरच्या डिफरन्शियल संरक्षणात ही सवलत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या सीटींची तुलना चालते. फॉल्ट ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर असताना एक सीटी काही लाटांपुरती जरी सॅच्युरेट झाली, तरी रिलेला खोटा फरक दिसतो आणि धडधाकट ट्रान्सफॉर्मर सुटतो. म्हणून अशा जागी पीएस वर्गाची सीटी घेतात. तिच्या नेमप्लेटवर व्हीएऐवजी नी पॉईंट व्होल्टेज, वाइंडिंगचा रोध आणि चुंबकन प्रवाहाची कमाल मर्यादा असते. नी पॉईंट किती हवा याचं सूत्र रिले बनवणारा देतो, कारण त्याचा रिले किती विकृत लाट सोसू शकतो हे त्यालाच ठाऊक.

बसवलेल्या सीटीची खात्री करायची तर दोन मापं पुरतात. पहिलं बर्डनचं. ब्रेकर बंद करून, फीडर पूर्ण निर्जीव करून सीटीच्या टर्मिनलपासून केबलमध्ये ५ अँपिअर सोडायचे आणि व्होल्टेज मोजायचं. आपल्या उदाहरणात ३.७ व्होल्ट येतील, म्हणजे साडेअठरा व्हीए. दुसरं नी पॉईंटचं: प्राथमिक बाजू उघडी ठेवून दुय्यम बाजूला व्होल्टेज चढवत वक्र काढायचा. हे झाल्यावर व्होल्टेज झटक्यात बंद न करता हळूहळू शून्यावर आणावं, नाहीतर कोअरमध्ये उरलेलं चुंबकत्व पुढच्या फॉल्टपर्यंत तसंच राहतं आणि पस्तीस व्होल्टचे वीसच शिल्लक असल्यासारखी सीटी वागू शकते. चालू फीडरवर मात्र सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी ठेवायची नाही. तिथे हजारो व्होल्ट उभे राहतात.

आणि एक तपासणी, जिला उपकरण लागत नाही. एकाच सीटीत मीटरसाठी वेगळा कोअर असतो. तो मुद्दाम लवकर सॅच्युरेट होईल असा बनवलेला असतो, म्हणजे फॉल्टमध्ये मीटर जळत नाही. रिलेच्या तारा चुकून त्या कोअरला जोडलेल्या असल्या, तर रोजच्या भाराला सगळं अचूक दिसतं. टर्मिनलवरचे आकडे ड्रॉइंगशी ताडून पाहिल्याशिवाय ही चूक फॉल्टपर्यंत उघडकीला येत नाही.