विद्यापीठात पहिलं वर्ष : लेखांक ४
अभ्यासक्रम एका पानावर आणताना

मागच्या लेखांकात श्रेयांक म्हणजे काय ते पाहिलं. आज पुढची पायरी. विभागाकडून मिळालेली अभ्यासक्रमाची प्रत पाच-सहा पानांची असते. त्यात घटक, तास आणि संदर्भग्रंथांची यादी असते, पण कोणत्या आठवड्यात काय शिकायचं, कशाला किती गुण आणि त्यासाठी नेमकं काय वाचायचं, हे एका जागी सापडत नाही. ते एका पानावर आणणं हे सत्राच्या पहिल्या आठवड्याचं काम आहे.

आधी मुखपृष्ठावर तीन गोष्टी पाहाव्यात : विषयाचा सांकेतिक क्रमांक, श्रेयांक आणि पॅटर्नचं वर्ष. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंकडून आलेली प्रत बरेचदा जुन्या पॅटर्नची असते. विषयाचं नाव तेच राहतं, पण घटक आणि गुणांची विभागणी बदललेली असते. वर्ष जुळत नसेल तर पुढचं सगळं टिपण वाया जातं.

समजावण्यासाठी चार श्रेयांकांचा एक नमुना घेऊ. विषय, एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र. शिकवण्याच्या विषयात एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे एकूण ६० तास. घटक चार. पहिला, इंग्रजी राजवट, शिक्षण आणि वृत्तपत्रं : १२ तास. दुसरा, लोकहितवादी, परमहंस सभा, प्रार्थना समाज : १८ तास. तिसरा, जोतीराव फुले, सत्यशोधक समाज, ताराबाई शिंदे : १८ तास. चौथा, शेतकरी, १८७५चे दख्खनचे दंगे आणि सार्वजनिक सभा : १२ तास. बेरीज ६० येते का, हे लगेच पडताळावं. येत नसेल तर एखादा उपघटक उतरवताना सुटला आहे.

आता तासांचे आठवडे करायचे. आठवड्याला चार तास धरले तर ६० तासांना पूर्ण पंधरा आठवडे लागतात. सत्र पंधरा आठवड्यांचं असलं तरी अंतर्गत चाचणीचा एक आठवडा आणि सणांच्या सुट्ट्यांचा एक वजा केला की शिकवायला तेरा उरतात, म्हणजे ५२ तास. आठ तासांची ही तूट पानावर आधीच दिसायला हवी. आपल्या नमुन्याची मांडणी अशी होईल :

आठवडे १ ते ३ : पहिला घटक
आठवडे ४ ते ७ : दुसरा घटक
आठवडा ८ : अंतर्गत चाचणी
आठवडे ९ ते १२ : तिसरा घटक
आठवडा १३ : सुट्ट्या
आठवडे १४ आणि १५ : चौथा घटक

दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकाचे दोन-दोन तास कमी झाले, पण चौथ्याला बाराऐवजी आठच मिळाले. त्याचा तिसरा हिस्सा गेला. शेवटचा घटक घाईत उरकला जातो त्याचं कारण अनेकदा या हिशेबात असतं.

यानंतर गुण. आपल्या नमुन्यात अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि सत्रान्त परीक्षेला ७० गुण आहेत. काही विद्यापीठांत ही विभागणी ४०-६० असते, म्हणून आपल्या प्रतीतलीच घ्यावी. अंतर्गत ३०मध्ये लेखी चाचणी १५, निबंध १० आणि सादरीकरण ५. इथे एक बारकावा आहे. चाचणी ३० गुणांची घेऊन ती १५वर आणली जाणार असेल, तर चाचणीतला एक गुण शेवटी अर्धाच मोजला जातो. पानावर नेहमी अंतिम वजन लिहावं, कारण बेरीज शंभर त्यांचीच व्हायची असते. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं का, हेही शेजारी नोंदवावं. ४० टक्क्यांची अट असेल तर ३०पैकी १२ आणि ७०पैकी २८ हवेत. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्याची कमतरता भरून काढत नाहीत.

सत्रान्त परीक्षेचे ७० गुण घटकांवर कसे पडतात, हे तासांवरून कळत नाही. त्यासाठी प्रश्नपत्रिकेचं स्वरूप पाहावं लागतं. समजा, १४ गुणांचे पाच प्रश्न आहेत. पहिला सर्व घटकांवरच्या टिपांचा, उरलेले चार प्रत्येक घटकावर एक, आणि पर्याय त्याच घटकातला. मग प्रत्येक घटकाला साडेसतरा गुण येतात. दुसऱ्या घटकात हे गुण १८ तासांवर पसरलेले आहेत, म्हणजे तासामागे एक गुणही पुरता नाही. चौथ्यात तेच १२ तासांवर, म्हणजे तासामागे जवळजवळ दीड. ज्या घटकाचे तास सर्वांत जास्त बुडणार आहेत, त्याच घटकात तासामागे गुण जास्त आहेत. म्हणून नवव्या ते बाराव्या आठवड्यात घरी दर आठवड्याला एक तास चौथ्या घटकाला द्यावा. बुडालेले चार तास असे भरून निघतात.

वाचनाची यादी सर्वांत फसवी असते. पंधरा-वीस पुस्तकं ओळीने दिलेली असतात आणि प्रकरणं क्वचितच सांगितलेली असतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे एकूण ३० तास धरले जातात. चार श्रेयांकांचे १२०. त्यातले ६० वर्गात गेले की घरच्या अभ्यासाला ६० उरतात, म्हणजे आठवड्याला चार. त्यातले दोन तास निबंध, उजळणी आणि पुढच्या घटकाच्या तयारीत जातात. उरलेल्या दोन तासांत, टिपणं काढत तासाला बारा-पंधरा पानं धरली, तर आठवड्याला पंचवीस-तीस पानं होतात. तीनशे पानांचं एक पुस्तक या गतीने दहा-बारा आठवडे घेईल. म्हणून यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढे घटकाचा क्रमांक लिहावा आणि आवश्यक व पूरक अशी विभागणी शिक्षकांना विचारूनच करावी.

नमुन्यात दुसऱ्या घटकासाठी शतपत्रांतली निवडक पत्रं, तिसऱ्यासाठी ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), चौथ्यासाठी ‘शेतकऱ्याचा असूड’ अशी मूळ पुस्तकं आवश्यक ठरतात. प्रत्येकाचं वाचन घटक सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मांडावं, म्हणजे वर्गात बोललं जाईल तेव्हा मजकूर हाताखालून गेलेला असेल. ज्या आठवड्यापुढे वाचन नाही किंवा ज्या पुस्तकापुढे घटक नाही, ती जागा प्रश्नचिन्हाने दाखवावी.

शेवटी, उपघटक उतरवताना त्यांची शेपटी कापू नये. ‘सत्यशोधक समाज : स्थापना, कार्य व मर्यादा’ हे पानावर नुसतं ‘सत्यशोधक समाज’ झालं, तर २४ सप्टेंबर १८७३ ही तारीख पाठ होते आणि मर्यादांवर विचारलेला प्रश्न कोरा राहतो. ‘मूल्यमापन’, ‘तुलना’, ‘परिणाम’ हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, कारण प्रश्न त्यांच्यावरच बेततात.

पान तयार झालं की पहिल्या आठवड्यातच विषयशिक्षकांना दाखवा आणि तीन गोष्टी विचारा : चाचणीचा आठवडा बरोबर आहे का, प्रश्नपत्रिकेचं स्वरूप हेच राहील का, आणि प्रश्नचिन्ह केलेल्या जागी काय वाचायचं. त्यांच्या उत्तरांनी दुरुस्त केलेलं पानच सत्रभर वापरा. पुढच्या लेखांकात निबंधाचा विषय कसा निवडायचा ते पाहू.