प्रशिक्षण कामी आले का?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम. समजा, लेथवरच्या कामगारांना व्हर्निअर कॅलिपर शिकवायचा आहे. वाचन वर्गात समजते; हात बसतो तो यंत्रापाशी, जुन्या कारागिराच्या देखरेखीखाली. शेवटी भरून घेतलेला फॉर्म फक्त प्रतिक्रिया सांगतो, आणि अनेक कंपन्या तिथेच थांबतात. शिकणे कळते ते प्रशिक्षणाआधी आणि नंतर तोच जॉब मोजायला दिल्यावर. वर्तन मात्र दोन-तीन महिन्यांनी शॉप फ्लोअरवरच पाहावे लागते. चाचणीत पास झालेला कामगार घाईच्या पाळीत मोजमाप टाळत असेल, तर दोष बहुधा उत्पादनाच्या दबावाचा असतो. परिणाम म्हणजे रिजेक्शन घटणे; पण त्याच काळात नवे टूल आले असेल, तर प्रशिक्षण न घेतलेल्या पाळीचे आकडेही शेजारी ठेवावेत.