जी ऊर्जा सुटतच नाही

हिंगोलीतला वर्ग असो की वसमतमधला, ग्लायकोलिसिस शिकवताना सहाव्या पायरीवर एक वाक्य हटकून येतं: ‘ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून ऊर्जा बाहेर पडते आणि त्या ऊर्जेने फॉस्फेट जोडला जातो.’ वाक्य सोपं आहे, पाठही लवकर होतं आणि चूक आहे. चूक अशी की यात दोन घटना एकामागून एक घडतात आणि मधल्या वेळात ऊर्जा कुठेतरी मोकळी हिंडते. पण मोकळी झालेली ऊर्जा म्हणजे उष्णता. उष्णतेतून काम करून घ्यायचं तर एक जागा गरम आणि दुसरी थंड असावी लागते. पेशीत सगळीकडे जवळपास एकच तापमान असतं. तिथे उष्णता एकदा सुटली की ती एन्झाइमच्या कामाची राहत नाही. तेव्हा या वाक्यावर प्रामाणिक विद्यार्थ्याला पडायला हवा असा प्रश्न एकच: सुटलेली ऊर्जा फॉस्फेटला सापडते कशी? उत्तर असं की ती सुटतच नाही.

हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव जीएपीडीएच. चार सारख्या साखळ्यांच्या या प्रथिनात, प्रत्येक साखळीच्या क्रियास्थानी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. नेहमीच्या क्रमांकनात ते १४९ वं. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो आणि शेजारचं हिस्टिडीन त्याचा प्रोटॉन ओढून घेऊन त्याला हल्ल्यासाठी तयार करतं. हा गंधक ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटच्या अल्डिहाइड गटातल्या कार्बनवर चढतो आणि साखरेचा तो तुकडा एन्झाइमला सहसंयुज बंधाने चिकटतो. आता त्या कार्बनवरचा हायड्रोजन आपल्यासोबत दोन इलेक्ट्रॉन घेऊन शेजारी बसलेल्या एनएडीवर जातो आणि एनएडीचा एनएडीएच होतो. ऑक्सिडेशन झालं, पण कार्बन अजून गंधकालाच जोडलेला आहे. हा नवा बंध थायोएस्टरचा. साध्या आम्लात मिळाली नसती अशी चढी ऊर्जा त्याच्यात राहते. मग एनएडीएच निघून जातो, त्याच्या जागी नवा एनएडी येऊन बसतो आणि पेशीतला मुक्त फॉस्फेट त्याच कार्बनवर हल्ला करून गंधकाला हटवतो. बाहेर पडतो तो १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट. म्हणजे दोन क्रियांना बांधणारी वस्तू ‘ऊर्जा’ नाही, एक खराखुरा रेणू आहे, आणि तो एन्झाइमलाच चिकटलेला असतो.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. १९३९ मध्ये ऑटो वॉरबर्ग आणि वॉल्टर ख्रिश्चन यांनी यीस्टमधून हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळं केलं. त्याच सुमारास त्यांच्याच प्रयोगशाळेत नेगेलाइन आणि ब्रोमेल यांनी १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट हाती घेतलं. थायोएस्टरचा खुलासा १९५२ मध्ये एफ्राइम रॅकर आणि इसिडोर क्रिम्स्की यांनी मांडला. गंधकाचा गट अडवणारं आयोडोअॅसिटेट टाकलं की एन्झाइम बंद पडतं आणि आधीच्या साखर-फॉस्फेटांचा साठा वाढत जातो. मात्र माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा आर्सेनेटचा आहे. आर्सेनेटची रचना फॉस्फेटसारखी, त्यामुळे एन्झाइम फसतं आणि थायोएस्टरवर फॉस्फेटऐवजी आर्सेनेट हल्ला करतो. तयार झालेलं संयुग इतकं नाजूक की पाण्याच्या संपर्कात ते आपोआप तुटतं आणि ३-फॉस्फोग्लिसरेट मिळतं. गंमत पाहा: ग्लायकोलिसिस अडत नाही. एनएडीएच बनतो, पायरुव्हेटही बनतो. फक्त पुढच्या पायरीवरचे एटीपी नाहीसे होतात. एका ग्लुकोजमागे सुरुवातीला दोन एटीपी खर्च होतात, शेवटच्या पायरीवर दोन मिळतात आणि मधले दोन बुडतात. निव्वळ कमाई शून्य. ऑक्सिडेशन तेच, त्यातली ऊर्जाही तेवढीच, पण मधला रेणू टिकला नाही म्हणून ती उष्णता होऊन गेली. ‘आधी ऊर्जा सुटते’ हे वाक्य ज्या प्रसंगाचं खरं वर्णन करतं तो प्रसंग म्हणजे विषबाधा!

यावर नेहमीचा आक्षेप असा की पाठ्यपुस्तकं स्वतःच आकडे मांडतात. अल्डिहाइडचं आम्लात ऑक्सिडेशन: सुमारे उणे ४३ किलोज्यूल प्रति मोल. आम्लाला फॉस्फेट जोडणं: सुमारे अधिक ४९. बेरीज अधिक ६. मग ऊर्जा एकीकडून दुसरीकडे गेली असं म्हणण्यात चूक काय? बेरीज बरोबर आहे. मुक्त ऊर्जेतला फरक वाटेवर अवलंबून नसतो, म्हणून कागदावर कुठलेही दोन टप्पे कल्पून ती करता येते. पण हिशेबासाठी कल्पिलेला टप्पा एन्झाइमच्या आत घडतोच असं नाही. मोकळं आम्ल आधी बनलं असतं तर ते ४३ किलोज्यूल गेले असते आणि फॉस्फेटला चढावर ढकलणारं कुणी उरलं नसतं. थायोएस्टरमुळे तो खड्डाच टाळला जातो. राहता राहिले ते अधिक ६. ते निभतात, कारण पुढचं एन्झाइम, फॉस्फोग्लिसरेट कायनेज, १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट साठू देत नाही. त्याच्या पहिल्या कार्बनवरचा फॉस्फेट लगेच एडीपीकडे जातो आणि एटीपी बनतो. दोन्ही पायऱ्या मिळून बदल सुमारे उणे १२ चा. एटीपी बनवण्याचं श्रेय जीएपीडीएचला देणं हा वेगळा गैरसमज, पण त्याचा खुलासा इथेच होतो: ते भांडवल पुरवतं, एटीपी बनवतं दुसरं एन्झाइम.

फॉस्फेट एटीपीकडून येतो, हेही ऐकू येतं. तो मुक्त फॉस्फेट असतो. एटीपीचा असता तर एक देऊन एक घेण्यात कमाई कसली?

उरला ‘ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिजन’ हा समज. त्याला उत्तर द्यायला हिंगोली जिल्ह्यातलं काळ्या मातीचं शेत पुरेसं आहे. अतिवृष्टीनंतर सोयाबीन किंवा हळदीत पाणी साचलं की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, तरी त्यांच्या पेशींत जीएपीडीएचचं ऑक्सिडेशन चालू असतं. इलेक्ट्रॉन घ्यायला एनएडी असला की झालं. अडचण वेगळीच: एनएडी मोजका असतो आणि सगळा एनएडीएच होऊन बसला की ही पायरी थांबते. म्हणून मुळं पायरुव्हेटपासून अल्कोहोल बनवतात आणि त्या वाटेने एनएडी परत मिळवतात. उसाच्या मळीवर यीस्ट हेच करतं. पण या मार्गाने ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळतात, साखर झपाट्याने संपते आणि पाणी निघालं नाही तर पीक पिवळं पडतं.

शिक्षकांना एवढीच विनंती: ही पायरी फळ्यावर काढताना एका बाणावर भागवू नका. मधे एन्झाइमच्या गंधकाला चिकटलेला कार्बन काढा, डाव्या बाजूने एनएडी आणि नंतर उजव्या बाजूने फॉस्फेट आणा, आणि ‘ऊर्जा बाहेर पडते’ हे शब्द खोडून टाका.