पाय एकच, नंबर तीन

प्रश्न : आमच्या चिरंजीवांना खेळाचे बूट ८ नंबरचे, कार्यालयात घालावयाचे बूट ७ नंबरचे आणि सँडल ६ नंबरची बसते. पाय तर तोच आहे. मग खरा नंबर कोणता मानावा?

उत्तर : तिन्ही खरे असू शकतात. आपल्याकडे प्रचलित असलेला इंग्लंडचा नंबर मुळात पायाचा नव्हेच. ज्या साच्यावर बूट चढवून तयार करतात, त्या साच्याच्या लांबीवरून तो ठरतो. हिशेब सोपा आहे. मोठ्यांच्या नंबरात २५ मिळवावे आणि ३ ने भागावे. उत्तर इंचांत येते. म्हणजे ६ नंबरचा साचा सुमारे २६२, ७ चा २७१ आणि ८ चा २७९ मिलिमीटर.

आता चिरंजीवांचा पाय २६० मिलिमीटर आहे असे धरू. कार्यालयीन बुटाचे टोक निमुळते असते. बोटांपुढे सेंटिमीटरभर जागा रिकामी राहिली की पुरते. ७ नंबरात ती ११ मिलिमीटर मिळते. धावताना पाय पुढे सरकतो, शिवाय आतले अस्तर आणि जाड मोजा जागा खातात; म्हणून तेथे ८ नंबर लागतो. सँडलचे पुढचे टोक उघडे असल्याने बोटांना कोंडणारे काहीच नसते. तळ बोटांच्या किंचित पुढे गेला की झाले; ६ नंबरात ते साधते.

येथे एक अडचण आहे. सगळेच कारखानदार हा हिशेब काटेकोर पाळत नाहीत. काही जण साच्याऐवजी पायाचे माप धरून नंबर छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे ८ नंबर सारखे असतीलच असे नाही. एकाच कसोटीची दोन खाती वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली, तर शिल्लक जुळणार कशी?

रुंदीचा प्रश्न निराळा. चामडे वापराने थोडे रुंदावते. आपल्या अनेक घरांत चामडे वर्ज्य असते, आणि रेक्झिनसारखे कृत्रिम कापड फारसे सैलावत नाही. अशा बुटात पाय आवळला की मंडळी सरळ एक नंबर मोठा घेतात. मग टाच उचलली जाते आणि चालताना बूट चवड्याच्या पुढे मुडपतो. बूट जेथे मुडपतो ती रेघ बोटांच्या मुळाशी यावयास हवी. तशी येत नसेल, तर लांबी नव्हे, रुंदी चुकली आहे. तोच नंबर रुंद बांधणीत मागावा.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजून मोठ्याचे माप धरावे. दुकानात नंबर सांगण्यापूर्वी हे मिलिमीटर सांगावेत.