सकाळी सहाला खोली, शांतता आणि मऊ खिचडी

सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास दादरला येते. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी येणारी कितीतरी कुटुंबं अशाच रात्रीच्या गाड्या धरतात, कारण रुग्णाला निदान आडवं पडून प्रवास करता येतो. पण हॉटेलात खोली मिळण्याची वेळ असते दुपारी बाराची, नाहीतर दोनची. मधले सहा-आठ तास केमोथेरपीने थकलेली सत्तरीतली बाई लॉबीतल्या सोफ्यावर बसून काढते. गाडीत झोप झालेली नसते, पोटात मळमळ असते आणि बाथरूमला जायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं. तिचे हे हाल बरेचदा टाळता येतात. त्यासाठी चार-पाच दिवस आधी हॉटेलला एक पत्र लिहावं लागतं, आणि ते कामाचं असावं लागतं.

खोली सकाळी का मिळत नाही, हे आधी समजून घेऊ. आदल्या रात्रीचे पाहुणे दहा-अकरापर्यंत खोली सोडतात. मग हाऊसकीपिंगची माणसं चादरी बदलतात, बाथरूम धुतात, सुपरवायझर पाहून जातो आणि खोली तयार असल्याचं रिसेप्शनला कळतं. एका खोलीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि एकेका माणसाकडे दहा-बारा खोल्या असतात. म्हणून सकाळी सहाला द्यायला हॉटेलकडे एकच प्रकारची खोली असते: जी आदल्या रात्री रिकामी राहिली आणि आधीच साफ करून ठेवलेली आहे ती. ‘लवकर खोली द्या’ एवढंच लिहिलं की रिसेप्शनवरचा माणूस ‘उपलब्धतेनुसार’ असं उत्तर देतो आणि कागद बाजूला ठेवतो. ‘आदल्या रात्री एखादी खोली रिकामी राहिली तर ती आमच्या नावावर राखून ठेवा’ असं लिहिलं की काय करायचं ते त्याला कळतं.

आता पत्रच पाहू. आई आणि मुलगा येणार आहेत, तपासणी दुसऱ्या दिवशी आहे आणि आरक्षण ऑनलाइन झालेलं आहे, असं धरून लिहिलेलं हे पत्र.

मा. व्यवस्थापक यांस,

१२ तारखेपासून तीन रात्रींसाठी आपल्याकडे आमची दोन पलंगांची खोली आरक्षित आहे. आरक्षण क्रमांक वर लिहिला आहे. सोबत माझी आई आहे, वय ७२. तिच्यावर रुग्णालयात उपचार चालू आहेत. आजार संसर्गाचा नाही. ती हळूहळू चालते, पण जिने चढू शकत नाही.

आम्ही १२ तारखेला सकाळी सातच्या सुमारास पोहोचू. ११ तारखेच्या रात्री एखादी खोली रिकामी राहणार असेल, तर ती आमच्यासाठी राखून ठेवावी. त्याचे जादा पैसे किती होतील ते कळवावं, आम्ही देऊ. ते शक्य नसेल तर तसंही स्पष्ट कळवावं, म्हणजे आम्ही ११ तारखेची रात्रही आरक्षित करू. ओळखपत्रांच्या प्रती सोबत पाठवल्या आहेत. नोंदवहीचं काम मी खाली थांबून करीन, आईला थेट खोलीत जाऊ द्यावं.

खोली रस्त्याच्या बाजूची, लिफ्टला लागून किंवा हॉलच्या वरची नको. शेजारच्या खोलीत उघडणारं दार मध्ये नसावं. बाथरूममध्ये कमोड हवा आणि अंघोळीच्या जागी टब नको. खोलीत सुगंधी फवारा मारू नये, त्या वासाने आईला उलटी होते. आमच्या मुक्कामात हॉलमध्ये लग्न वा समारंभ असेल तर कळवावं.

जेवणात तिला दोन्ही वेळा मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा भात आणि साधं वरण लागेल. मिरची, गरम मसाला आणि वरून तेलाची फोडणी नको. सगळं ताजं शिजवलेलं आणि गरम हवं. कच्ची कोशिंबीर, चटणी, चिरून ठेवलेली फळं तिला चालत नाहीत. ती सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सात वाजता जेवते. स्वयंपाकघर कोणत्या वेळी बंद असतं तेवढं कळवावं.

११ तारखेला रात्री आठच्या सुमारास मी फोन करीन. तेव्हा कुणाशी बोलायचं त्यांचं नाव कळवलंत तर बरं होईल.

पत्र इथे संपतं. यात आजाराचं नाव कुठेही नाही, हे मुद्दाम केलं आहे. नाव वाचून हॉटेलचा माणूस घाबरतो किंवा हळहळतो, आणि दोन्हींतून आईला काही मिळत नाही. जिना चढता येत नाही, वासाने उलटी होते, सातला जेवण लागतं, या गोष्टींवर मात्र तो काही करू शकतो. संसर्ग नाही हे वाक्य हवंच, कारण रुग्ण म्हटलं की ती शंका प्रत्येक हॉटेलवाल्याच्या मनात येते. ती आधीच दूर झालेली बरी.

‘नाही जमलं तर आदली रात्र आरक्षित करू’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सकाळी सातला खोली नक्की हवी असेल, तर आदल्या रात्रीपासून पैसे भरणं हाच खात्रीचा मार्ग आहे. अर्थात एका रात्रीचा खर्च वाढतो. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रवास करून आलेल्या माणसासाठी तो करावा, असं माझं मत आहे. नुसत्या वार्षिक तपासणीला आलेल्या, बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या माणसासाठी एवढी गरज नसते. पण आदली रात्र घेतलीत तर ‘आम्ही रात्री येणार नाही, सकाळी सातला येऊ’ हे लेखी कळवायलाच हवं. नाहीतर रात्री बारापर्यंत पाहुणा आला नाही म्हणून हॉटेल त्याला ‘नो-शो’ धरतं, खोली दुसऱ्याला देतं आणि कधीकधी पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द करतं. सकाळी आईला धरून काउंटरपाशी उभं असताना हे कळणं फार वाईट.

स्टेशनजवळच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. सकाळी सातला आलात की सातला खोली. पण परतीच्या दिवशीही सातलाच खोली सोडावी लागते, आणि परतीची गाडी रात्री असेल तर तो सगळा दिवस पुन्हा रस्त्यावर. तेव्हा जाण्याची वेळही पत्रात विचारून घ्यावी.

आरक्षण ऑनलाइन केलं असेल तर तिथल्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीवर विसंबू नये. ती सूचना हॉटेलपर्यंत जाते, पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापून येते आणि सकाळच्या घाईत कुणी वाचत नाही. हॉटेलच्या स्वतःच्या ई-मेलवर आरक्षण क्रमांक घालून पत्र पाठवावं. शिवाय ऑनलाइन आपण खोलीचा प्रकार घेतो, नेमकी खोली नाही. ती कोणती द्यायची हे हॉटेलातलाच माणूस ठरवतो, अनेकदा आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी. म्हणून रात्री आठचा फोन. किती पाहुणे आले आणि किती खोल्या रिकाम्या राहणार, याचा अंदाज तोवर रिसेप्शनला आलेला असतो.

शांततेचं थोडं अवघड असतं, कारण इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. वरच्या मजल्यावर रस्त्याचा आवाज कमी, पण लिफ्ट बंद पडली तर आई अडकली. अशा रुग्णासाठी पहिला किंवा दुसरा मजला आणि मागची बाजू मागावी. मात्र मागच्या बाजूला अनेकदा जनरेटर असतो, नाहीतर स्वयंपाकघराचा धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा. म्हणून खोली दाखवायला माणूस आला की सामान उघडण्याआधी दोन मिनिटं दार-खिडकी लावून उभं राहावं. पंख्याची घरघर आली, भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज आला, तर तेव्हाच खोली बदलून मागावी. सामान लावल्यावर आणि आई झोपल्यावर बदलणं कुणालाच नको असतं. लग्नसराईत हॉलची चौकशी करावीच. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला नियमाने बंदी आहे, पण बंद हॉलमधला ढोल वरच्या खोलीच्या जमिनीतून जाणवत राहतो.

जेवणाच्या बाबतीत ‘साधं’ किंवा ‘कमी तिखट’ म्हटलं की बहुतेक वेळा गडबड होते. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कांदा-टोमॅटोची आणि काजूची ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर तयार असते, आणि बहुतेक भाज्या त्यातूनच होतात. तिच्यात तिखट, तेल, मीठ आधीच पडलेलं असतं, ते नंतर कमी करता येत नाही. म्हणून जो पदार्थ त्या ग्रेव्हीतून होतच नाही, तोच मागावा. खिचडी त्यासाठी उत्तम. फक्त हॉटेलची खिचडी म्हणजे बऱ्याचदा तडका दिलेली, मोकळी खिचडी. आपल्याला हवी तिचं प्रमाण सांगता येतं: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, सहापट पाणी, चिमूटभर हळद, आणि कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. रुग्णाला मीठ कमी असेल तर मीठ न घालता करून बाजूला वेगळं द्यायला सांगावं. उपमा, गरम इडली, पेज, साधा टोस्ट हेही चालतात. इडलीबरोबरची चटणी मात्र आठवणीने परत करावी, कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असताना डॉक्टर कच्चं आणि उघड्यावर राहिलेलं टाळायला सांगतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पथ्य निराळं, तिथे आपल्या डॉक्टरांनी दिलेली यादीच पत्रात उतरवावी.

मध्यम हॉटेलांत दुपारी तीन ते सातच्या दरम्यान स्वयंपाकघर बरेचदा बंद असतं. आईला पाचला भूक लागली तर चहा-बिस्किटापलीकडे काही मिळत नाही. खोलीत पाणी तापवायची किटली आहे का, हे त्यासाठी विचारून ठेवावं. घरून राजगिऱ्याच्या लाह्या नेल्या तर गरम पाण्यात त्या लगेच कालवता येतात.

हॉटेलचं उत्तर आलं की त्यात काय आहे ते पाहावं. ‘आपली विनंती नोंदवली आहे, प्रयत्न करू’ एवढंच असेल, तर काहीही ठरलेलं नाही असं समजावं. जादा किती पैसे पडतील, दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली देतोय, रात्री अमुक माणसाशी बोला, असं काही लिहिलेलं असेल तर कुणीतरी पत्र खरोखर वाचलं आहे. पहिल्या प्रकारचं उत्तर आलं तर दोन दिवस आधी फोन करून व्यवस्थापकाशीच बोलावं, आणि तरीही सकाळची खात्री मिळाली नाही तर त्याच फोनवर आदली रात्र आरक्षित करून टाकावी.